ट्रॅपच्या वाटीतला गाळ

स्वयंपाकघरातलं सिंक एका दिवसात तुंबत नाही. आधी भांडी घासताना तळाशी बोटभर पाणी साचायला लागतं. नळ बंद केला की ते सावकाश उतरतं आणि शेवटी पाइपातून घुर्र असा आवाज येतो. आपण जाळी उचलून आपटतो, अडकलेली चार शितं काढतो, पाणी जातं आणि विषय मागे पडतो. असं महिना-दोन महिने चालतं. मग नेमक्या पाहुण्यांच्या दिवशी सिंक काठोकाठ भरून उभं राहतं. सफाई करायची ती पाणी हळू जायला लागलं तेव्हाच करायला हवी. त्या वेळी पाइपाची वाट अजून थोडी उघडी असते, आतला थर मऊ असतो आणि काम हातानं, अर्ध्या तासात होतं. प्लंबरची वाट पाहण्याची बहुतेक वेळा गरजही नसते.

सिंकच्या भोकात बसवलेला धातूचा भाग म्हणजे वेस्ट कपलिंग. त्याच्या खाली, कपाटाचं दार उघडलं की दिसतो तो बॉटल ट्रॅप: एका बुटक्या बाटलीसारखा, बहुतेक घरांत पांढऱ्या प्लास्टिकचा, काही ठिकाणी चकचकीत पितळेचा. त्याच्या आत एक नळी खाली उतरलेली असते आणि तिचं तोंड तळाच्या वाटीत साठलेल्या पाण्यात बुडालेलं असतं. सिंकमधलं पाणी या नळीतून खाली येतं, वाटीच्या तळाशी वळतं, नळीच्या बाहेरच्या अंगानं वर चढतं आणि मग भिंतीकडे जाणाऱ्या पाइपात शिरतं. वाटीत कायम राहणारं हे पाच-सात सेंटिमीटर पाणी ड्रेनेजचा वास अडवतं आणि पाइपातल्या झुरळांनाही वर येऊ देत नाही. पाण्यानं वास अडवण्याची ही युक्ती लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं १७७५ साली संडासाच्या वाकड्या पाइपासाठी पेटंट करून घेतली होती. आजचा प्रत्येक ट्रॅप त्याच तत्त्वावर चालतो.

पण पाणी जिथे वळून वर चढतं तिथे त्याचा वेग कमी होतो आणि त्याच्यातलं जड ते खाली बसतं. त्यामुळे सर्वात आधी भरते ती ट्रॅपची वाटीच. ती मुद्दाम फिरवून उघडता येईल अशी केलेली असते. अनेक घरांत मात्र हे ठाऊक नसतं आणि घर घेतल्यापासून ती वाटी एकदाही उघडलेली नसते.

उघडण्याआधी अडथळा आहे कुठे, याचा अंदाज घ्यावा. घरातल्या बाकीच्या जागा बघा. बाथरूमचं, बेसिनचं पाणी नीट जात असेल आणि फक्त स्वयंपाकघरातलंच अडत असेल, तर दोष सिंकखालच्या ट्रॅपमध्ये किंवा तिथून भिंतीपर्यंतच्या पाइपात असण्याची शक्यता जास्त. सिंकमधून पाणी सोडल्यावर कोरड्या बाल्कनीतल्या किंवा वॉशिंग मशीनजवळच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी वर येत असेल, तर अडथळा त्याच्या पुढे आहे. आणि आपण नळ बंद ठेवलेला असताना वरच्या मजल्यावरचं पाणी आपल्या सिंकमध्ये येत असेल, तर तुंबली आहे ती इमारतीची उभी लाइन. तिथे घरातलं काहीही उघडू नका, कारण उघडलेल्या तोंडातून वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी तुमच्या ओट्याखाली येईल. सोसायटीच्या सेक्रेटरींना कळवायचं आणि लाइन साफ करून घ्यायची.

आणखी एक साधी चाचणी आहे. सिंक रिकामं असताना तांब्याभर, म्हणजे साधारण लिटरभर पाणी एकदम ओतायचं. ते लगेच वर साचलं तर अडथळा अगदी जवळ, कपलिंगच्या आडव्या पट्ट्यांत किंवा ट्रॅपमध्ये. पहिला तांब्या सहज गेला आणि दुसऱ्या-तिसऱ्याला पाणी चढायला लागलं, तर पुढचा पाइप आधी भरतोय आणि मग पाणी मागे येतंय. सव्वा इंची पाइपाच्या एक मीटर लांबीत पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं, यावरून अडथळा किती दूर आहे याचा ढोबळ हिशेब मांडता येतो.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या काकूंकडे हे काम केलं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, फराळ नुकताच आटोपलेला, आणि सिंकमधलं पाणी पूर्ण उतरायला पाच-सहा मिनिटं लागत होती. बाथरूममध्ये काही अडचण नव्हती. पहिला तांब्या ओतल्याबरोबर पाणी वर उभं राहिलं. म्हणजे ट्रॅपच.

आधी सिंकमधलं पाणी मग्यानं काढून बादलीत टाकलं. हे काम बरेच जण टाळतात आणि ट्रॅप उघडल्यावर ते सगळं पाणी अंगावर घेतात. कपाटातले डबे बाहेर काढले, ट्रॅपखाली पसरट टब ठेवला. मग एका हातानं ट्रॅपचं वरचं अंग घट्ट धरायचं आणि दुसऱ्या हातानं खालची वाटी फिरवायची. खालून वर बघताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं ती सैल होते. वरचं अंग धरणं महत्त्वाचं आहे. नाहीतर वाटीसोबत अख्खा ट्रॅप फिरतो, कपलिंगचा सांधा हलतो आणि जिथे गळती नव्हती तिथे सुरू होते. वाटी घट्ट बसली असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं तिच्याभोवती गुंडाळून ठेवावं आणि रबरी हातमोजा घालून पुन्हा फिरवावं. प्लास्टिकच्या वाटीला पाना लावू नये. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं, त्याला लगेच चीर जाते.

वाटी खाली आली तेव्हा तिच्यात पाणी जेमतेम होतं, बाकी सगळा गाळ. सर्वात वर पिवळट पांढरा, बोटानं खरवडता येईल असा मेणचट थर होता. वास तुपाचा, पण खवट. त्याखाली काळपट चिकट लगदा. त्यात मोहरी, जिरं, फुगलेले पोहे, चहाचा चोथा आणि तारेच्या घासणीचे तुटलेले कुरळे तुकडे एकमेकांत गुंतलेले होते. सर्वात खाली राखाडी रंगाची, बोटांत चोळली तर खरखरणारी घट्ट चकती बसली होती. ती चमच्याच्या दांड्यानं उपसावी लागली. काकू ते बघून म्हणाल्या, “अरे, मी तेल कधीच ओतत नाही रे सिंकमध्ये. तळणीचं तेल गाळून बरणीत ठेवते. फक्त कढई घासते.”

काकूंचं म्हणणं खरं होतं, आणि मेख तिथेच आहे. तेल न ओतताही ते पाइपात जातं. कढईच्या कडेला, पोळीच्या तव्यावर, भाजीच्या पातेल्याच्या तळाशी उरलेलं तेल मिळून रोज एक चहाचा चमचा धरलं, म्हणजे ५ मिलिलिटर, तर वर्षाला पावणेदोन लिटरच्या वर होतं. दिवाळीत चार दिवस तळण चाललं की त्यात भर. ते सगळं पाइपात राहत नाही, पण जे राहतं ते पुढच्या प्रत्येक कणाला धरून ठेवतं.

वाटी बाजूला घेताना एका गोष्टीकडे लक्ष हवं. वाटी आणि वरच्या अंगामध्ये रबराचा वॉशर असतो. तो बऱ्याचदा गाळाला चिकटून खाली येतो आणि गाळाबरोबर कचऱ्यात जातो. आधी तो शोधून धुऊन बाजूला ठेवावा. मग वाटी साफ करायची, पण उघड्या ट्रॅपच्या सिंकमध्ये नाही. सवयीनं हात नळाकडे जातोच आणि पाणी सरळ कपाटात येतं. बादलीत कोमट पाणी आणि भांड्यांचं लिक्विड घेऊन जुन्या टूथब्रशनं वाटी आणि तिचे आटे घासावेत. आट्यांत अडकलेले कण राहिले तर वाटी तिरकी बसते. वर राहिलेल्या नळीच्या आतून आणि बाजूच्या तोंडातून बाटली धुण्याचा ब्रश फिरवावा. निघालेला गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकावा. संडासात टाकला तर तोच अडथळा दुसऱ्या पाइपात नेऊन ठेवल्यासारखं होतं.

परत बसवताना वॉशर त्याच्या खाचेत सपाट ठेवायचा आणि वाटी हातानं फिरवत न्यायची, सरळ आट्यांत बसली याची खात्री करत. हाताच्या ताकदीपुरतं आवळणं पुरे. इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. हा सांधा वॉशरवर दाब पडून बंद होतो, टेपमुळे तो नीट दबत नाही. नंतर ट्रॅपखाली कोरडं वर्तमानपत्र पसरायचं, सिंक अर्धं भरायचं आणि एकदम सोडायचं. कागदावर ओला ठिपका उमटला तर सांधा पुन्हा बघायचा.

काकूंकडे ट्रॅप साफ झाल्यावर पाणी बऱ्यापैकी जाऊ लागलं, पण पूर्ण समाधान होईना. तिसऱ्या तांब्याला पाणी पुन्हा थोडं चढत होतं. ट्रॅपपासून भिंतीपर्यंत जो पाइप होता तो घड्यांचा, वाकवता येणारा. असे पाइप बसवायला सोपे म्हणून सर्रास लावतात, पण त्यांच्या प्रत्येक घडीत तेल आणि पीठ बसतं, आणि मध्ये झोळ पडला की तिथे पाणी कायम साचून राहतं. तो काढला तेव्हा आतली वाट अंगठ्याएवढीही उरली नव्हती. घड्यांतला थर ब्रशनं निघेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून सव्वा इंची सरळ, आतून गुळगुळीत पाइप आणि एक एल्बो आणला. पाइप भिंतीकडे थोडा उतरता ठेवला. मीटरमागे दोन ते अडीच सेंटिमीटर उतार पुरतो. त्यानंतर भरलेलं सिंक मिनिटभराच्या आत रिकामं झालं.

काही घरांत बॉटल ट्रॅप नसतोच. घड्यांचा पाइप कपलिंगवरून थेट खालच्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. तिथे तो पाइप काढून बाहेर धुवायचा किंवा बदलायचा, आणि नहाणीची जाळी उचलून आत उपडी ठेवलेली वाटी काढून घासायची. ती वाटी परत ठेवायला विसरू नये. वास अडवणारं पाणी तिच्यामुळेच काम करतं. ती बाजूला राहिली तर दोन दिवसांत झुरळं दिसतात.

रबरी पंपाचा उपयोग होतो, पण सिंकमध्ये चार बोटं पाणी असलं तरच. कोरड्या सिंकमध्ये पंप मारला तर हवाच आत-बाहेर होते. सिंकला वरच्या बाजूला जास्तीचं पाणी जाण्याचं भोक असेल, किंवा शेजारी दुसरं सिंक असेल, तर ते ओल्या फडक्यानं दाबून धरायला हवं. पाइप नहाणीत उघडा सोडलेला असेल तर मात्र पंपाचा दाब तिथूनच निघून जातो.

बाजारात मिळणारी नळी मोकळी करण्याची पावडर बहुतेक वेळा कॉस्टिक सोड्याची असते. पाण्याशी संपर्क येताच ती खूप तापते आणि तेलाचा साबण करते. पातळ थरावर याचा परिणाम होतो. पण पाणी साचून उभं असेल तर ती अडथळ्यापर्यंत पोचतच नाही, आणि पाणी कमी पडलं तर तिचाच दगडासारखा गोळा पाइपात जमतो. मोठा धोका पुढे असतो. पावडर टाकूनही पाणी गेलं नाही की आपण प्लंबरला बोलावतो आणि ट्रॅप उघडताना ते पाणी त्याच्या हातावर, डोळ्यांत उडतं. पावडर टाकली असेल तर त्याला दारातच सांगा. या पावडरीवर कधीही ॲसिड ओतू नका, आणि ॲसिड व ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस निरुपद्रवी आहे, पण त्या दोघांनी एकमेकांना मारल्यावर उरतं ते जवळजवळ साधं खारट पाणी. थिजलेल्या तेलावर त्याचा काही परिणाम होत नाही.

उकळतं पाणी ओतण्याचा सल्लाही सगळीकडे मिळतो. पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, सांधे सैल होतात. हाताला सोसेल एवढं गरम पाणी चालतं. पण त्यानं वितळलेलं तूप नाहीसं होत नाही, पुढे जातं आणि गार पाइपात पुन्हा थिजतं. तूप साधारण तिशीच्या वर गेल्याशिवाय पातळ होत नाही, खोबरेल २४ अंशांखाली घट्ट होतं. डिसेंबरच्या रात्री इमारतीच्या डक्टमधला पाइप १२-१५ अंशांवर असतो. लोणी कढवलेलं पातेलं आपण गरम पाण्यानं धुतो, ते ओट्याखाली स्वच्छ होतं आणि तूप दोन मजले खाली जाऊन भिंतीला लागतं. शेंगदाण्याचं तेल गोठत नाही म्हणून ते निर्धोक आहे असंही नाही. तेल पाइपात कुजतं आणि बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून न विरघळणारा साबण बनतो. तो कडक असतो आणि कोणत्याही लिक्विडनं सुटत नाही. लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात २०१७ साली सापडलेला २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा याच प्रकारे, तेल आणि टाकाऊ वाइप्स मिळून तयार झाला होता.

म्हणून कढई आणि तवा पाण्याखाली नेण्याआधी कोरडा पुसायचा. वर्तमानपत्राचा तुकडा पुरतो. भाजीच्या कढईत उरलेल्या मसाल्यात भात कालवून खाणं किंवा पोळीच्या शेवटच्या तुकड्यानं कढई पुसून घेणं ही आपल्याकडची जुनी रीत पाइपासाठीही उत्तमच आहे. लोणी कढवलेल्या पातेल्यातली बेरी काढून घेतली की त्याच पातेल्यात कणीक मळावी. उरलेलं तूप पोळ्यांत जातं. तळणीचं पुन्हा न वापरायचं तेल गार झाल्यावर झाकणाच्या बाटलीत साठवावं. अगदी थोडं असेल तर रद्दीत शोषून कचऱ्यात टाकावं.

तेलानंतर पीठ. कणकेची परात लगेच पाण्याखाली धरली की पिठाचा चिकट लगदा वाटीत जाऊन बसतो. भजीचं बेसन, आंबलेलं डोशाचं पीठ, भाताची पेज आणि खाली लागलेला भात यांचंही तसंच. परात तासभर तशीच सुकू द्यावी. चिकटलेली कणीक कोरड्या हातानं चोळली की पापुद्रे सुटतात, ते कचऱ्यात झटकायचे आणि मग परात धुवायची. चहाचा चोथा, नारळाचा चव, कढीपत्त्याची पानं आणि कोथिंबिरीच्या काड्या विरघळत नाहीत, फुगत किंवा गुंतत राहतात. त्यासाठी कपलिंगवर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी ठेवावी. ती भांडी घासल्यावर डस्टबिनमध्ये उलटी आपटायची, सिंकमध्येच बोटानं रेटायची नाही.

वाटीच्या तळाशी सापडलेली राखाडी चकती भांड्यांच्या साबणाची होती. वडी आणि पावडर यांत घासायला म्हणून दगडाची बारीक पूड घातलेली असते. ती पाण्यात विरघळत नाही. साबणाची वडी डबीतल्या पाण्यात भिजत ठेवली तर तिचा लगदा दररोज थोडा थोडा खाली जातो. वडी कोरडी राहील अशी जाळीची डबी घ्यावी, किंवा लिक्विड वापरावं. तारेची घासणी झिजून तुकडे पडायला लागली की लगेच फेकावी, कारण तारेचा एक गुंता अडकला की बाकी सगळं त्याच्यावर जमतं.

शेवटी अशा गोष्टी, ज्या एकदा गेल्या की ट्रॅप साफ करण्याचा प्रश्नच उरत नाही, तो बदलावाच लागतो. घराचं रंगकाम किंवा टाइल्सचं काम निघालं की कारागीर पुट्टीची पत्री, व्हाइट सिमेंटची बादली, पीओपीचं घमेलं जवळच्या सिंकमध्ये धुतात. सिमेंट आणि पीओपी पाण्याखालीही घट्ट होतात, आणि काही तासांत वाटीत दगड तयार होतो. काम सुरू होण्याआधीच त्यांना धुण्यासाठी वेगळी बादली द्या आणि तळाचा गाळ दुसऱ्या दिवशी सुकल्यावर राडारोड्यात टाकायला सांगा. घरच्या घरी बादलीत विसर्जन केलेल्या शाडूच्या मूर्तीची मातीही सिंकमध्ये किंवा मोरीत ओतू नये. शाडू दोन-तीन दिवसांत तळाशी बसतो. वरचं निवळलेलं पाणी कुंड्यांना घालावं आणि माती सुकवून पुढच्या वर्षीच्या मूर्तीसाठी जपून ठेवावी.